स्वप्नातली आई आणि झोपेतल्या लाथा : ७२ वर्षांच्या एका गृहस्थांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्यासाठी चालणाऱ्या एका दवाखान्यात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण तिथलंच. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. या गृहस्थांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते, कारण प्रत्यक्षातही मी त्यांना तशीच हाक मारायचे.

काका ७२ वर्षांचे. सगळी नोकरी आरेखक म्हणून झाली, म्हणजे कागदावर इमारतींचे नकाशे काढण्यात. निवृत्तीला १४ वर्षं झाली होती. रक्तदाबासाठी तीन वर्षांपासून मेटोप्रोलॉल चालू होतं. मोठा भाऊ गेल्यानंतर ते खचले, जेवण कमी झालं, बोलणं तुटलं. मानसोपचारतज्ज्ञांनी पाच महिन्यांपूर्वी व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. मनःस्थिती सुधारली, आणि त्याच सुमारास घरात स्वप्नांचा विषय सुरू झाला.

तक्रार काय होती

काकांना घेऊन त्यांची मुलगी आली. बोलली बहुतेक तीच. "मॅडम, बाबांच्या स्वप्नात आजी येते. वारून तीस वर्षं झाली तिला. दारात उभी राहते आणि नुसती बघते. आता आठवड्यातून दोनदा-तीनदा येते."

काका शांत बसले होते. मुलीला कसली भीती वाटते ते तिच्या पुढच्या वाक्यात कळलं. माणूस जायच्या आधी त्याला गेलेली माणसं दिसतात, असं तिने वाचलं होतं. ते वाचन खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या एका मरणासन्नसेवा केंद्रात ५९ रुग्णांना त्यांच्या शेवटच्या काळात त्यांची स्वप्नं रोज विचारली गेली. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहातल्या जवळपास नऊ जणांनी अशी स्वप्नं किंवा दृश्यं सांगितली, मृत्यू जवळ येत गेला तशी गेलेली माणसं जास्त दिसू लागली, आणि त्यांच्या दिसण्याने रुग्णांना सर्वांत जास्त दिलासा मिळाला. पण ते सगळे रुग्ण आधीच मरणाच्या दारात होते. मुलीने विधान उलटं फिरवलं होतं : जाणाऱ्यांना गेलेले दिसतात, म्हणून ज्याला गेलेले दिसतात तो जाणार. पंचाहत्तरीच्या आसपासच्या धडधाकट माणसांना विचारलं, तर आई, वडील, भाऊ, जोडीदार स्वप्नात येतात असं सांगणारे कितीतरी निघतात, आणि ते पुढे अनेक वर्षं व्यवस्थित जगतात.

निघताना मुलीने सहज एक गोष्ट सांगितली. नव्या औषधापासून बाबा झोपेत कधीकधी ओरडतात, हातपाय झाडतात, आई हसते त्यावर. मी कागदावर लिहिलं, "झोपेत हालचाल, नव्या औषधापासून?" शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे गेले. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा या एका ओळीत होता, आणि त्या दिवशी मी तो ओलांडून गेले.

काकांच्या स्वप्नांचा इतिहास

पुढच्या दोन भेटींत मी काकांना त्यांच्या आयुष्यभराच्या स्वप्नांबद्दल विचारलं. हे मी बऱ्याच ज्येष्ठांना विचारते. त्यातून माणूसही कळतो, आणि आत्ताचं स्वप्न नवीन आहे की जुनंच नव्या वेषात आलंय, याचा अंदाज येतो.

त्यांना आठवणारं सर्वांत जुनं स्वप्न साधारण पाचव्या वर्षीचं. जिन्यावर एक कुत्रा बसलेला. बस्स, एवढंच. कुत्रा काही करत नाही, काका स्वतः त्या स्वप्नात नाहीत, गोष्ट पुढे सरकत नाही. मी विचारलं, "मग भीती कशाची वाटली?" ते म्हणाले, "भीती नाही वाटली. कुत्रा होता, एवढंच." ऐकताना मला डेव्हिड फोक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम आठवलं. त्याने तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना झोपेच्या प्रयोगशाळेत ठरावीक वेळी उठवून "आत्ता काय चाललं होतं?" असं विचारलं होतं. स्वप्नांच्या झोपेतून उठवलं तरी पाच वर्षांखालच्या मुलांना सांगण्यासारखं काही असे, असं चारातून फार तर एकदा घडलं. जे सांगितलं तेही असंच असे : एखादा प्राणी, एखादं स्थिर चित्र, स्वतःचा पत्ता नाही. सात-आठ वर्षांच्या आसपास मूल स्वतःच्या स्वप्नात वावरू लागतं, आणि नऊ ते अकराच्या दरम्यान उठवल्यावर सांगण्याचं प्रमाण दहात आठवर जातं. स्वप्न बघणं हे बोलण्यासारखं, चित्र काढण्यासारखं हळूहळू येणारं कौशल्य आहे, असं फोक्सचं म्हणणं होतं. तान्ह्या बाळाची निम्मी झोप स्वप्नांच्या झोपेसारखी दिसते, डोळे पापण्यांआड भराभर हलतात, तरी त्यावरून बाळ आपल्यासारखी स्वप्नं बघत असेल असं म्हणता येत नाही.

काका म्हणाले की तो कुत्रा काळा-पांढरा होता. कुत्राच नव्हे, सगळं स्वप्नच. यात नवल नव्हतं. २००८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात ईव्हा मुर्झिन हिने तपासलं, तेव्हा लहानपणी कृष्णधवल टीव्ही आणि चित्रपट पाहिलेल्या पंचावन्नच्या वरच्या लोकांत रंगहीन स्वप्नं सांगणारे तरुणांपेक्षा बरेच जास्त निघाले. स्वप्न खरंच रंगहीन असतं की आठवताना रंग निसटतो, हा वाद अजून मिटलेला नाही. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

आठ-नऊ वर्षांचे असताना मात्र त्यांना भयानक स्वप्नं पडायची. पाठलाग, उंचावरून पडणं, आई गर्दीत हरवणं. ती किशोरवयात विरळ झाली. विशीत परीक्षेची आणि मुलींची. तिशीनंतर सरळ मोकळी जागा. "चाळीस ते साठ मला स्वप्नं पडलीच नाहीत," ते म्हणाले. पडली असणार, आठवली नाहीत. सकाळी स्वप्न आठवण्याचं प्रमाण विशीनंतर हळूहळू उतरतं, पुरुषांत ही उतरण बायकांपेक्षा काही वर्षं आधी लागते. त्यातून मधल्या वयात माणूस गजराने उठतो आणि उठल्याबरोबर कामाला लागतो, म्हणजे जे थोडं शिल्लक असतं तेही पुसलं जातं.

निवृत्तीनंतर स्वप्नं परत आली, पण वेगळी. ज्येष्ठांकडून मी ज्या स्वप्नांबद्दल पुन्हा पुन्हा ऐकते, तीच. जुनं घर, ज्यात आता कोणीच राहत नाही. गेलेली माणसं, बहुधा तरुण आणि निरोगी. आणि हातातून काहीतरी निसटल्याची : गाडी चुकते, रस्ता सापडत नाही, कपाटाची किल्ली मिळत नाही. काकांच्या बाबतीत तो नकाशा असे. उद्या द्यायचा आहे, रेघ ओढायला घेतात आणि पेन्सिल उमटत नाही. साहेब मागे उभे असतात, पण रागावत नाहीत. वय वाढतं तशी स्वप्नातली मारामारी आणि भावनांची धार बहुतेकांत कमी होत जाते. चिडलेल्या साहेबाऐवजी नुसता उभा असलेला साहेब दिसणं, हे त्या वयाला धरूनच होतं.

मग त्यांनी आणखी एक स्वप्न सांगितलं, जे मुलीलाही ठाऊक नव्हतं. एक कुत्रा अंगावर येतो. कधी कुत्रा, कधी अनोळखी माणसं. काका मागे हटत नाहीत, लाथ मारतात, कारण मागे कोणीतरी लहान मूल असतं.

पहिला अंदाज, आणि तो का चुकला

इथे मी घसरले. पाचव्या वर्षी जिन्यावर बसलेला कुत्रा ६७ वर्षांनी अंगावर येतो. भाऊ नुकताच गेलेला. दारात आई. मागे लहान मूल, ज्याला वाचवायचंय. हे सगळं एका धाग्यात इतकं सुबक ओवलं जात होतं, की मी तो धागा सोडेना. भावाच्या जाण्याने बालपणीची असुरक्षितता जागी झाली आहे, असं मी टिपणात लिहिलं आणि शोकावर काम सुरू केलं. तीन आठवडे त्यात गेले.

तेव्हा हातात असूनही न पाहिलेल्या दोन गोष्टी आज स्पष्ट दिसतात. पहिली : म्हातारपणी स्वप्नातली आक्रमकता ओसरते, हे मी स्वतःच नुकतं नोंदवलं होतं. नकाशाच्या स्वप्नात साहेबही रागावत नव्हते. मग त्याच माणसाच्या त्याच काळातल्या दुसऱ्या स्वप्नांत एवढी हाणामारी का? ती इतर स्वप्नांच्या पंगतीत बसत नव्हती. दुसरी : त्या स्वप्नात काका लाथ मारत होते, आणि मुलीने सांगितलं होतं की बाबा झोपेत पाय झाडतात. स्वप्नातली लाथ आणि पलंगावरची लाथ एकच आहे का, हे मी विचारलंच नाही.

चौथ्या आठवड्यात काका भुवईवर टाके घेऊन आले. रात्री अडखळून पडलो, म्हणाले. या वेळी मुलीला सवड नव्हती म्हणून सोबत काकू होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मान हलवली. अडखळले नव्हते. झोपेतच कुणाला तरी मारायला उसळले आणि पलंगावरून थेट कोपऱ्यातल्या टेबलावर गेले.

काकूंना मी बाजूला बसवून विचारलं, हे कधीपासून? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "चार वर्षं झाली की. म्हणून तर आम्ही पलंग वेगळे केले. मुलीला काय सांगायचं यातलं?"

चार वर्षं. औषध पाच महिन्यांचं होतं.

काकूंची वही

मी दोघांनाही एकेक वही दिली आणि २१ रात्री लिहायला सांगितलं. काकांनी सकाळी उठल्याबरोबर, पलंगावरून उतरण्याआधी, जे आठवेल ते दोन ओळींत लिहायचं. काकूंनी रात्री हालचाल किंवा ओरडणं झालं तर घड्याळ बघून वेळ लिहायची आणि जमलं तर फोनवर चित्रीकरण करायचं. एकमेकांची वही वाचायची नाही.

काकांच्या वहीत १३ सकाळी काहीतरी होतं. आई तीनदा, नकाशा चारदा, हाणामारी चारदा, उरलेल्या दोन सकाळी नुसते तुटक तुकडे. काकूंच्या वहीत मात्र हालचालीच्या नऊ रात्री होत्या. म्हणजे पाच रात्री काकांनी हातपाय झाडले आणि सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवलं नाही. फक्त काकांना विचारत राहिले असते, तर अर्ध्याहून अधिक घटना मला कधीच कळल्या नसत्या. नऊपैकी आठ घटना पहाटे तीननंतरच्या होत्या. स्वप्नांच्या झोपेचे टप्पे साधारण दर दीड तासाने येतात आणि पहाटेकडे लांबत जातात, त्यामुळे ही वेळ बोलकी होती. मोठ्यांना कधीकधी होणारा झोपेतला भीतीचा झटका बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत येतो, आणि जागं केलं तर माणूस गोंधळलेला असतो. काकूंनी एकदा काकांना हाक मारून उठवलं, तेव्हा ते लगेच भानावर आले आणि म्हणाले, "कुत्रा होता." अपस्माराचा झटका असता तर दरवेळी हालचाल जवळपास सारखीच दिसली असती. चित्रीकरणात एकदा ठोसा होता, एकदा लाथ, एकदा नुसती शिवी.

आईचं स्वप्न पडलं त्या तिन्ही रात्री काकूंच्या वहीत काही नव्हतं. काका स्वस्थ झोपले होते.

समोर असलेले पर्याय

स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंची वाट अडवून धरतो. त्यामुळे आपण स्वप्नात धावतो आणि पलंगावर पडून राहतो. ही अडवणूक मेंदूच्या खोडातून होते. ती सैल झाली, की स्वप्नातली कृती शरीर खरोखर करू लागतं. अमेरिकेत मिनेसोटा इथे कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. या विकाराचे रुग्ण बहुधा पन्नाशीपुढचे पुरुष असतात, आणि त्यांची स्वप्नं हल्ला, पाठलाग, कुणाला तरी वाचवणं अशी असतात. जागेपणी ते भांडखोर असतात असं मात्र नाही. बरेचसे काकांसारखे सौम्य असतात.

हे लक्षात आल्यावर आम्ही बसलो : मानसोपचारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि मी. तीन वाटा होत्या.

सर्वांत सोपी म्हणजे व्हेन्लाफॅक्सिन बदलायचं आणि वाट बघायची. नैराश्यावरच्या या गटातल्या औषधांनी झोपेतली ही स्नायूंची अडवणूक सैल होऊ शकते. पण काकूंची चार वर्षं या वाटेच्या आड येत होती. औषधाने आधीचा त्रास वाढवला असेल, सुरू केला नव्हता. मेटोप्रोलॉलनेही काहींना भडक स्वप्नं पडतात. पण दोन्ही औषधं एकदम बदलली असती तर कशाने काय झालं हे कळलं नसतं, म्हणून ते तसंच ठेवलं.

दुसरी वाट म्हणजे भयस्वप्नांवरचा मानसोपचार. त्यात जागेपणी त्रासदायक स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो रोज काही मिनिटं मनात घोळवायचा. वारंवार येणाऱ्या भयस्वप्नांवर हा उपाय चांगला चालतो आणि मला तो येतो. खरं सांगायचं तर माझा ओढा याच वाटेकडे होता. पण काकांचा त्रास स्वप्नाच्या मजकुरात नव्हता. कुत्र्याऐवजी दुसरं काही आलं असतं, तरी स्नायू मोकळेच राहिले असते.

तिसरी वाट म्हणजे आधी झोपेची रात्रभर तपासणी करून निदान पक्कं करायचं आणि तोवर खोली सुरक्षित करायची. आम्ही ही निवडली. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर तोही दचकून हातपाय झाडायला लावतो आणि हुबेहूब असाच दिसतो. त्याचा उपचार वेगळा, म्हणून तपासणीशिवाय गोळी देण्यात अर्थ नव्हता.

काय केलं

खोलीचं काम त्याच दिवशी झालं. कोपऱ्याचं टेबल बाहेर, गादी जमिनीलगत, बाजूला जाड सतरंजी, काचेचा तांब्या आणि दिवा हाताच्या टप्प्याबाहेर. काकूंचा पलंग आधीच वेगळा होता, तो आणखी थोडा लांब सरकवला. औषधाआधी हे होणं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. घटना आठवड्याला दोन होवोत की चार, डोकं आपटायला एक पुरते.

तपासणीच्या रात्री मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटी आणि हातापायांचे स्नायू, श्वास आणि छातीचे ठोके एकत्र नोंदले गेले. स्वप्नांच्या झोपेत जिथे हनुवटीच्या स्नायूची रेघ सपाट व्हायला हवी, तिथे ती काकांच्या नोंदीत सतत उसळत होती. श्वास अडकण्याचं प्रमाण तासाला नऊ, म्हणजे सौम्य. एवढ्याने लाथांचा उलगडा होत नव्हता. निदान पक्कं झालं.

मानसोपचारतज्ज्ञांनी व्हेन्लाफॅक्सिन सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवून ब्युप्रोपिऑन सुरू केलं, ज्याचा या त्रासाशी फारसा संबंध आढळत नाही. एकदम बंद केलं असतं तर त्या औषधाने दाबलेली स्वप्नांची झोप उसळून आली असती. सावकाश उतरवूनही मधले पंधरा दिवस स्वप्नं भडक झालीच. आम्ही ते आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून घरात घबराट झाली नाही. झोपताना मेलॅटोनिन तीन मिलिग्रॅम दिलं, महिन्याने सहा केलं. क्लोनाझेपाम हे जुनं आणि गुणकारी औषध आहे, पण त्याने म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि श्वासाचा त्रास वाढू शकतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांनी ते राखून ठेवलं.

आईच्या आणि नकाशाच्या स्वप्नांवर आम्ही काहीच केलं नाही. तसं ठरवूनच. मुलीला ते पटायला दोन बैठका लागल्या.

किती सांगायचं

सर्वांत अवघड निर्णय इथे होता. हा झोपेचा विकार बऱ्याचदा पार्किन्सन किंवा त्याच कुळातल्या स्मृतिभ्रंशाची फार आधीची खूण असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ केंद्रांमधल्या १,२८० रुग्णांचा पाठपुरावा केला होता. त्यात दर वर्षी साधारण सहा टक्के रुग्णांमध्ये असा आजार उघड झाला, आणि बारा वर्षांच्या टप्प्यावर दर चारांतल्या जवळपास तीन रुग्णांमध्ये. काकांच्या तपासणीत कंप नव्हता, चाल नीट होती. पण वास घेण्याची शक्ती कमी झाली होती आणि बद्धकोष्ठ कितीतरी वर्षांचं होतं. या दोन्ही गोष्टी त्याच दिशेला बोट दाखवतात. आणि हा आजार रोखेल असं सिद्ध झालेलं औषध नाही.

मुलीचं म्हणणं स्पष्ट होतं : "बाबांना सांगू नका. आत्ताच कुठे सावरलेत." काकूंचं मत तिच्या उलट होतं, पण त्या ते मुलीसमोर बोलल्या नाहीत. माझं मन दोन्हीकडे होतं. जिथे उपाय नाही तिथे सांगून काय साधतं, हा प्रश्न खोटा नाही. पण निदान काकांचं होतं, आणि लपवायचं तर दरवर्षीची तपासणी कशासाठी हेही खोटंच सांगावं लागलं असतं.

मेंदूविकारतज्ज्ञांनी आकडा पुढे न करता काकांनाच विचारलं. "या त्रासाचा पुढच्या काही वर्षांशी संबंध असू शकतो. त्याबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की आत्ता नको?" काका म्हणाले, "आधी एवढं सांगा, मला काही करता येण्यासारखं आहे का?" डॉक्टरांनी सांगितलं की नियमित, घाम येईल असा व्यायाम करण्याचा सल्ला ते देतात, वर्षातून एकदा तपासणी हवी, आणि मळमळ, भ्रम वगैरेसाठी काही औषधं त्यांना देऊ नयेत हे इतर डॉक्टरांना ठाऊक असायला हवं. काकांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता उरलेलं सांगा." ते पाच मिनिटांत सांगून झालं. काकांनी फक्त एक प्रश्न विचारला : रेघ ओढताना हात थरथरेल का?

पुढे काय झालं

सहाव्या महिन्यापर्यंत काकूंच्या वहीतल्या रात्री आठवड्याला तीनवरून महिन्याला एक-दोनवर आल्या. हालचाल पूर्ण थांबली नाही, पण ठोसे जाऊन पुटपुटणं आणि पाय हलवणं उरलं. दुखापत पुन्हा झाली नाही. मनःस्थिती नव्या औषधावर टिकली. चौदाव्या महिन्यातल्या तपासणीत पार्किन्सनची लक्षणं नव्हती. याचा अर्थ तेवढाच घ्यायचा, कारण बरेचदा मध्ये आठ-दहा वर्षं जातात.

हाणामारीची स्वप्नं कमी झाली, आई येत राहिली. एका भेटीत काका म्हणाले की गोळीने तीही जाईल अशी त्यांना धास्ती होती. मुलगी अजूनही दर वेळी विचारते, "आजी आली होती का?" पण आता त्या प्रश्नाआधी ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

आज वेगळं काय करेन

पहिल्याच भेटीत, स्वप्नाच्या अर्थाकडे वळण्याआधी, एक प्रश्न विचारेन : तुम्ही झोपेत स्वप्नातली कृती करता, ठोसे मारता, हात झाडता, पळण्याच्या हालचाली करता, असं कुणी कधी सांगितलंय का? चाळणी म्हणून हा एक प्रश्न बऱ्यापैकी काम करतो. आणि तो शेजारी झोपणाऱ्या माणसालाही वेगळं बसवून विचारेन. काकू पहिल्या दिवशी आल्या असत्या तर महिना आणि भुवईवरचे टाके वाचले असते. त्या आल्या नाहीत, कारण मी बोलावलं नव्हतं.

मुलीच्या "औषधापासून" या शब्दाला मी तपासून घेतलं नाही, हेही बदलेन. ती वेगळ्या घरात राहते. तिच्या लक्षात पाच महिन्यांपूर्वी आलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी अजून अडखळते. या विकारात स्वप्नात प्राणी अंगावर येणं नेहमीचं आहे, तेव्हा जिन्यावरच्या कुत्र्याशी त्याचा संबंध लावायचं काही कारण नाही, हे मला कळतं. शेवटच्या भेटीत काकांना ते सांगितलं. ते म्हणाले, "नाही, तो वेगळा. जिन्यावरचा बसलेला होता."